वयवारीच्या गणितात x नेमका कोणत्या दिवसाचा?

भाची आणि मावशी यांच्या आजच्या वयांचं गुणोत्तर 2:5 आहे. 6 वर्षांनी ते 1:2 होईल. तर दोघींची आजची वयं किती?

वयवारीचं हे अगदी साधं उदाहरण. तरी ते चुकणाऱ्यांची संख्या मोठी असते. बहुतेकांना समीकरण सोडवता येतं, घोळ होतो तो समीकरण मांडण्याआधी. x लिहिला जातो, पण तो कोणत्या वेळच्या वयाचा आहे हे ठरलेलं नसतं. पुढच्या बऱ्याच चुका इथूनच येतात, म्हणून सगळा भर मांडणीवर देऊ.

आधी 2:5 या दोन आकड्यांचा अर्थ नीट पाहू. भाची 2 वर्षांची आणि मावशी 5 वर्षांची, असा तो नाही. दोघींची वयं 4 आणि 10 असू शकतात, 6 आणि 15, 8 आणि 20, 10 आणि 25 किंवा 12 आणि 30 सुद्धा. या सगळ्या जोड्यांचं गुणोत्तर 2:5 च आहे. आता प्रत्येक जोडीत 6 वर्षं मिळवून बघा. 4 आणि 10 चे 10 आणि 16 होतात, म्हणजे 5:8. 6 आणि 15 चे 12 आणि 21, म्हणजे 4:7. 8 आणि 20 चे 14 आणि 26, म्हणजे 7:13. 10 आणि 25 चे 16 आणि 31. आणि 12 आणि 30 चे 18 आणि 36, म्हणजे बरोबर 1:2.

सुरुवातीला सारख्या दिसणाऱ्या जोड्या 6 वर्षांनंतर वेगवेगळ्या ठिकाणी पोहोचल्या. उदाहरणातलं दुसरं वाक्य याच कामाचं आहे. पहिलं वाक्य शक्य जोड्यांची रांग उभी करतं आणि दुसरं त्यातली एक जोडी निवडतं. ही निवड एकेक जोडी तपासून करावी लागू नये म्हणून चल घ्यायचा. रांगेतल्या कोणत्याही जोडीत दोन्ही वयं एकाच संख्येच्या पटीत आहेत. तो सामाईक गुणक x. मग आजची वयं 2x आणि 5x. एकच चल पुरतो, कारण गुणोत्तराने दोन वयं एकमेकांना बांधून दिलेलीच आहेत. 2x आणि 5y असं लिहिलं की ती गाठ सुटते, पहिल्या वाक्यातली माहिती वाया जाते आणि एका समीकरणात दोन अज्ञात अडकून बसतात.

आता 6 वर्षांनी:

```
(2x + 6) / (5x + 6) = 1 / 2
2(2x + 6) = 5x + 6
4x + 12 = 5x + 6
x = 6
```

भाची 12 वर्षांची, मावशी 30 वर्षांची. 6 वर्षांनी 18 आणि 36.

या चार ओळींत तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिली घसरगुंडी: 6 वर्षं थेट गुणोत्तरात मिळवणे, म्हणजे (2 + 6) : (5 + 6) करणे. यातून 8:11 येतं आणि त्याचा या दोघींशी काहीच संबंध नसतो. 2 आणि 5 हे भाग आहेत, 6 ही वर्षं आहेत. एका भागात किती वर्षं हे कळेपर्यंत भाग आणि वर्षं यांची बेरीज होऊ शकत नाही. 2x म्हटलं की त्या भागांची वर्षं होतात आणि मगच 6 मिळवता येतात.

दुसरी चूक जास्त लपून राहते. उजव्या बाजूलाही तोच x वापरून 2x + 6 = x आणि 5x + 6 = 2x अशी दोन समीकरणं लिहिली जातात. पहिल्यातून x = –6 येतो, दुसऱ्यातून x = –2. एकाच x ची दोन उत्तरं आली की मांडणी मोडली, हे उघड आहे. कारण असं की आजच्या 2:5 चा सामाईक गुणक आणि 6 वर्षांनंतरच्या 1:2 चा सामाईक गुणक या दोन वेगळ्या संख्या आहेत. उत्तर हातात असल्यामुळे त्या दिसतातही: आज गुणक 6 आहे (12 = 2 × 6) आणि 6 वर्षांनी तो 18 आहे (18 = 1 × 18). दुसरं गुणोत्तर अपूर्णांकाच्या रूपात लिहायचं ते यासाठीच. 18/36 मधला 18 वरून आणि खालून कटतो, उरतो 1/2. त्या दुसऱ्या गुणकाला नाव देण्याची गरजच पडत नाही. एका चलात काम भागतं ते यामुळे.

तिसरी चूक तिरकस गुणाकारातली. 2(2x + 6) चा कंस सोडवताना 4x + 6 लिहिलं जातं. इथे ही चूक लगेच पकडता येते, कारण 4x + 6 = 5x + 6 मधून x = 0 येतो, म्हणजे भाची आणि मावशी दोघी आज शून्य वर्षांच्या! वयवारीत x शून्य आला की सर्वांत आधी कंसाकडे बघावं.

आता याच उदाहरणाकडे दुसऱ्या बाजूने पाहू, कारण त्यात एक फार उपयोगी गोष्ट आहे. वर्षं सरतात तशी दोघींची वयं वाढतात, पण दोघींतला फरक तसाच राहतो. आज तो 5 – 2 = 3 भागांचा आहे. 6 वर्षांनी तो 2 – 1 = 1 भागाचा दिसतो. फरक वर्षांमध्ये तोच आहे, म्हणजे भागाचं माप बदललं. माप सारखं करून घेऊ: 1:2 ला 3 ने गुणून 3:6 लिहू. आता दोन्हीकडे फरक 3 भाग आणि दोन्हीकडचा भाग एकाच मापाचा. भाची 2 भागांवरून 3 भागांवर गेली, मावशी 5 वरून 6 वर. दोघी एकेक भाग पुढे सरकल्या आणि तेवढ्या काळात 6 वर्षं गेली. म्हणून एक भाग म्हणजे 6 वर्षं.

तोंडी करायला ही रीत झटपट आहे आणि मला ती समीकरणाइतकीच विश्वासार्ह वाटते. फक्त एक पायरी गाळू नये. फरक सारखे न करताच "2 चा 1 झाला" असं वाचलं, तर भाचीचं वय कमी झाल्यासारखं दिसतं. फरक सारखे केल्यावर दोघी सारखेच भाग पुढे सरकल्या की नाही, हे बघायचं. एक 1 भाग आणि दुसरी 2 भाग सरकली, तर गुणताना चूक झाली आहे.

आतापर्यंत पहिलं गुणोत्तर आजचं होतं, म्हणून x कोणत्या दिवसाचा हा प्रश्न फारसा टोचला नाही. खरी कसोटी पुढच्या प्रकारात लागते.

6 वर्षांपूर्वी पुतण्या आणि काका यांच्या वयांचं गुणोत्तर 1:5 होतं. आजपासून 9 वर्षांनी ते 1:2 होईल. दोघांची आजची वयं काढा.

इथे आजचं गुणोत्तर दिलेलंच नाही. तरीही हात आपोआप "आजची वयं x आणि 5x" असं लिहायला जातो. तिथेच थांबायचं. x त्या वेळेचा घ्यायचा जिथे गुणोत्तर दिलेलं आहे, मग ती वेळ आजची असो वा नसो. आणि ते कागदावर शब्दांत लिहायचं: "6 वर्षांपूर्वी पुतण्याचं वय x वर्षं मानू." या एका वाक्याने पुढची प्रत्येक ओळ सरळ होते. त्याखाली तीन वेळांचा छोटा तक्ता काढू.

| | 6 वर्षांपूर्वी | आज | 9 वर्षांनी |
|---|---|---|---|
| पुतण्या | x | x + 6 | x + 15 |
| काका | 5x | 5x + 6 | 5x + 15 |

तक्ता डावीकडून उजवीकडे भरायचा. पहिल्या रकान्यातून दुसऱ्यात जाताना 6 वर्षं, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आणखी 9, म्हणजे पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत 15. शेवटच्या रकान्याचं गुणोत्तर 1:2 आहे.

```
(x + 15) / (5x + 15) = 1 / 2
2x + 30 = 5x + 15
3x = 15
x = 5
```

6 वर्षांपूर्वी पुतण्या 5 वर्षांचा आणि काका 25 वर्षांचे. आज 11 आणि 31. 9 वर्षांनी 20 आणि 40.

x = 5 आला म्हणून "पुतण्याचं वय 5" असं उत्तर लिहून मोकळं होणं ही इथली हमखास चूक. पर्यायी उत्तरांच्या परीक्षेत 5 हा पर्याय बहुधा मुद्दाम ठेवलेला असतो. आपण पहिल्या ओळीत x कोणत्या वेळचा ते लिहून ठेवलेलं आहे, त्यामुळे शेवटी तिथे नजर टाकली की 6 मिळवायचे राहिलेत हे लगेच दिसतं.

आता याच उदाहरणातली एक अवघड चूक जवळून बघू. समजा कुणी 15 ऐवजी 9 च मिळवले, कारण उदाहरणात "9 वर्षांनी" असं लिहिलंय.

```
(x + 9) / (5x + 9) = 1 / 2
2x + 18 = 5x + 9
x = 3
```

x पूर्णांकात आला. 3 आणि 15 चं गुणोत्तर 1:5. त्यात 9 मिळवले की 12 आणि 24, गुणोत्तर 1:2. पडताळा जुळला असं वाटतं आणि पान उलटलं जातं. पण हा पडताळा आपल्या समीकरणाचा झाला, उदाहरणाचा झाला नाही. समीकरणात जी चूक होती तीच पडताळ्यातही झाली, म्हणून दोघांचं जुळलं. पडताळा नेहमी उदाहरणाच्या शब्दांवर करायचा आणि आजच्या वयांपासून सुरू करायचा. 6 वर्षांपूर्वी 3 आणि 15, तर आज 9 आणि 21. आता आजपासून 9 वर्षांनी 18 आणि 30, गुणोत्तर 3:5. हवं होतं 1:2. चूक सापडली.

हेच उदाहरण दुसऱ्या टोकाकडूनही सुटतं. 9 वर्षांनंतरचं पुतण्याचं वय x मानलं, तर काकांचं 2x. तिथून 15 वर्षं मागे गेलं की x – 15 आणि 2x – 15, आणि त्यांचं गुणोत्तर 1:5. 5x – 75 = 2x – 15, म्हणून x = 20. मघाशी x = 5 होता, आता 20 आहे आणि दोन्ही बरोबर आहेत, कारण दोन्ही x वेगळ्या वेळांचे आहेत. मित्राच्या वहीत x वेगळा दिसला म्हणून स्वतःचं उत्तर खोडायला जाऊ नये. आजची वयं काढून बघावीत, ती दोघांचीही 11 आणि 31 च यायला हवीत. दोन्ही टोकांपैकी मी शक्यतो आधीची वेळ निवडतो. मग सगळीकडे अधिक चिन्ह येतं आणि वजाबाकीच्या कंसातले घोटाळे टळतात.

x आजचाच धरायचा हट्ट केला तर काय होतं, तेही पाहण्यासारखं आहे. पुतण्याचं आजचं वय x. 6 वर्षांपूर्वी x – 6. तेव्हाचं काकांचं वय 5(x – 6). मग काकांचं आजचं वय 5(x – 6) + 6, म्हणजे 5x – 24. 9 वर्षांनी पुतण्या x + 9 आणि काका 5x – 15. 2(x + 9) = 5x – 15, म्हणून x = 11. उत्तर आलं, पण वाटेत 6 एकदा वजा करावे लागले, 5 ने गुणावे लागले आणि पुन्हा मिळवावे लागले. घाईत 5(x – 6) चं 5x – 6 होतं आणि सगळं बिघडतं. शिवाय आजचं गुणोत्तर 11:31 आहे, त्यात पटीचा कुठलाच सोपा संबंध नाही. आजच्या वेळेवर x ठेवण्यात म्हणूनच काही लाभ नाही.

फरकाची रीत इथेही चालते. 1:5 मध्ये फरक 4 भाग, 1:2 मध्ये 1 भाग. दुसऱ्याला 4 ने गुणून 4:8. पुतण्या 1 वरून 4 वर गेला, काका 5 वरून 8 वर. 3 भाग म्हणजे 15 वर्षं, एक भाग 5 वर्षं. इथेही 15 हाच आकडा लागतो. दोन गुणोत्तरांमधलं अंतर मोजताना "पूर्वी" आणि "नंतर" असे शब्द आले की वर्षांची बेरीज करायची. दोन्ही वेळा आजच्या एकाच बाजूला असतील, उदाहरणार्थ 4 वर्षांनी आणि 10 वर्षांनी, तर वजाबाकी: अंतर 6.

काही उदाहरणांत एक गुणोत्तर आणि वयांची बेरीज देतात. दोन बहिणींच्या आजच्या वयांची बेरीज 50, आणि 5 वर्षांपूर्वी वयांचं गुणोत्तर 3:5. x 5 वर्षांपूर्वीचा. तेव्हाची बेरीज 45 नव्हती, कारण दोघींचीही 5-5 वर्षं कमी होती. ती 40 होती. 3x + 5x = 40, x = 5. तेव्हा 15 आणि 25, आज 20 आणि 30. चुकून 45 धरले असते तर 8x = 45 मधून अपूर्णांक आला असता. गुणोत्तर अतिसंक्षिप्त रूपात असेल आणि वयं पूर्ण वर्षांत असतील, तर x पूर्णांकच येतो. म्हणून अपूर्णांक दिसला की थांबून वर्षं मोजताना गडबड झाली का ते बघावं. साडेसात वर्षांचं वय अशक्य नाही, पण अशा उदाहरणांत ते क्वचितच असतं.

राहता राहिला ऋण x. आज दोन भावांच्या वयांचं गुणोत्तर 2:3 आहे आणि 5 वर्षांनी 1:2 होईल, असं कुणी लिहिलं तर (2x + 5)/(3x + 5) = 1/2 मधून 4x + 10 = 3x + 5, म्हणजे x = –5 येतो. इथे सोडवताना काहीच चुकलेलं नाही. वेगवेगळ्या वयाच्या दोन माणसांचं गुणोत्तर काळ पुढे जाईल तसं 1:1 च्या जवळ सरकतं. फरक तोच राहतो आणि वयं वाढतात, म्हणून फरकाचा वाटा कमी कमी होत जातो. वर भाची-मावशीच्या पाच जोड्यांमध्ये 6 वर्षं मिळवल्यावर प्रत्येक गुणोत्तर 2:5 पेक्षा 1:1 च्या जवळच गेलं होतं. 2:3 वरून 1:2 कडे जाणं म्हणजे 1:1 पासून लांब जाणं, आणि तसं फक्त काळात मागे गेल्यावर होतं.

ही तपासणी समीकरण लिहिण्याआधीच करता येते आणि तिला दोन सेकंद लागतात. नंतरच्या वेळेचं गुणोत्तर 1:1 च्या जवळ आहे का? नसेल तर उदाहरण पुन्हा वाचायचं. बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट झालेली असते. एक म्हणजे "5 वर्षांपूर्वी" हे "5 वर्षांनी" असं वाचलं गेलं. वरच्या भावांच्या बाबतीत तसं असेल, तर (2x – 5)/(3x – 5) = 1/2 मधून x = 5 येतो. आज भाऊ 10 आणि 15 वर्षांचे, 5 वर्षांपूर्वी 5 आणि 10, गुणोत्तर 1:2, सगळं जुळतं. दुसरं म्हणजे व्यक्तींचा क्रम उलटला. पहिल्या वाक्यात "मावशी आणि भाची 5:2" आणि दुसऱ्यात "भाची आणि मावशी 1:2" असं असेल आणि आपण मावशीला 1 आणि भाचीला 2 दिले, तर (5x + 6)/(2x + 6) = 1/2 मधून 10x + 12 = 2x + 6 येऊन x ऋण निघतो. दोन्ही गुणोत्तरं लिहिताना लहान माणूस आधी, मोठं माणूस नंतर हा एकच क्रम धरला आणि दुसऱ्या क्रमाने आलेलं गुणोत्तर आधीच उलटून 2:5 करून घेतलं, तर x पुन्हा 6 येतो.